बिराप्पाच्या तीन टाळ्या

रहिमतपुरात मी एका अडत दुकानात हिशेबनीस होतो, तेव्हा शेजारच्या खोलीत बिराप्पा राहायचा. आप्पासाहेबांच्या बँडमध्ये तो क्लॅरिनेट वाजवायचा आणि बँडचा मास्तरही तोच होता. मास्तर म्हणजे लाल कोट घालून वरातीच्या पुढं चालणारा आणि सगळ्यांना ताल धरून देणारा माणूस. त्या कोटाला तो दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही.

गाणं मोजायला मला त्यानंच शिकवलं. हॉटेलातल्या रेडिओवर एकदा एक विलायती तबकडी लागली. मी बोटांवर चार-चार मोजत होतो आणि दर वेळी एक मात्रा उरत होती. बिराप्पा म्हणाला, ती पाचाची आहे. तीन मोजा, मग दोन, आणि टाळी फक्त तिनाच्या आणि दोनाच्या सुरुवातीला द्या. तसं केल्यावर गाणं एकदम जागेवर बसलं. साताचंही तसंच: एक दोन तीन, एक दोन, एक दोन. म्हणजे पहिल्या, चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर टाळी. एक लांब उडी आणि दोन आखूड. तबलजी ज्याला रूपक म्हणतात ते हेच. ढोलाचा ठोका जोरात आला म्हणून तिथं एक धरायचा नाही, कारण रूपकात मोठा ठोका चौथ्यावर येतो. गाण्याची चाल जिथून पुन्हा फिरते, तो एक.

पासष्टच्या लढाईनंतर नाथाजी पलटणीच्या बँडमधून सुटून गावी आला. तो कॉर्नेट, म्हणजे छोटा पितळी कर्णा वाजवायचा, आणि फार गोड वाजवायचा. बिराप्पाचं बिनसलं ते तेव्हापासून. नाथाजीच्या बुटाचं पॉलिशसुद्धा त्याला खुपायचं. तो आला की पोरं भोवती जमतात, आप्पासाहेब त्याला खुर्ची देतात, हे तो मला पुन्हा पुन्हा सांगायचा. एकदा त्याची बायको सुलाबाई भाकरी थापता थापता नाथाजीची चाल गुणगुणली. त्या रात्री बिराप्पा जेवला नाही.

पुढं आप्पासाहेबांनी ठरवलं, औंधच्या लग्नात नाथाजीनं बँड चालवायचा; वरात झकास झाली तर लाल कोट त्याचा. मुलीकडच्यांनी एक गाणं सांगून ठेवलं होतं, त्या वर्षी रेडिओवर रोज लागणारं. ते साताचं होतं.

नाथाजीची अडचण तालमीतच दिसली. पलटणीत पहिल्या मात्रेवर डावाच पाय पडला पाहिजे. साताची पहिली फेरी डाव्यावर सुरू झाली तर दुसरी उजव्यावर येते आणि तिसरी पुन्हा डाव्यावर. हे त्याला सोसेना. त्यानं प्रत्येक फेरीच्या शेवटी एक मात्रा रिकामी सोडली आणि साताचे आठ केले. पाय जुळले, पण गाणं लंगडलं. बिराप्पाच्या हे पहिल्याच फेरीत लक्षात आलं. नाथाजीला त्यानं ते सांगितलं नाही. घरी येऊन मला मात्र म्हणाला, "औंधात पडतोय त्यो. तुमी बघाच."

नवरामुलगा आमच्या अडत्याच्या नात्यातला, त्यामुळे वरातीत मीही होतो. गाणं सुरू झालं. बायकांना ते पाठ होतं, त्या बरोबर म्हणू लागल्या आणि दर फेरीला बँडच्या पुढं जाऊ लागल्या. कुणीतरी हसलं. नाथाजीच्या कपाळावर घाम आला. बिराप्पा माझ्या शेजारून चालत होता. त्याच्या चेहऱ्यावर एवढं समाधान मी त्या वर्षात पाहिलं नव्हतं.

दोन ओळी ते टिकलं. मग दात दुखावा तसा त्याचा चेहरा होऊ लागला. त्यानं क्लॅरिनेट काखेत मारली आणि टाळ्या दिल्या. एकावर, चारावर, सहावर, पुन्हा एकावर. ढोलवाल्या केरबानं वळून बघितलं आणि ठोका तिकडं वळवला. नाथाजीनं एक फेरी नुसती ऐकली, रिकामी मात्रा टाकून दिली आणि मागं ओरडून सांगितलं, "पायाकडं बघू नका रं, पाय चालू द्या."

मग तो जे वाजवत सुटला, ते ऐकायला लोक ओसऱ्यांवरून उठून रस्त्यावर आले. आप्पासाहेबांनी तिथंच त्याला फेटा बांधला. बिराप्पा आपले हात दुसऱ्याचे असावेत तसे बघत होता.

नाथाजी चणीनं लहान. कोटाच्या बाह्या आखूड करायला तो बिराप्पाच्या घरीच आला, कारण कोट पहिल्यापासून सुलाबाईच शिवत आली होती. मी तिथं बसलो होतो. नाथाजी म्हणाला, "बिराप्पा, तुमी टाळ्या दिल्या नसत्या तर माझी शोभा झाली असती."

"कसल्या टाळ्या?" बिराप्पा म्हणाला. "माशा मारत हुतो मी."

सुलाबाईनं मान खाली घातली आणि सुईत दोरा ओवला. "व्हय," ती म्हणाली, "लय तालात मारल्या म्हणायच्या."