दुपार की मावळती

थोरल्या भावाला सत्याग्रहात धरलं होतं. दुसऱ्या तुरुंगात नेताना त्याची आगगाडी संध्याकाळी भुसावळला थांबणार होती. आमचं गाव वाघूर नदीपलीकडे. वहिनी माहेराहून त्याच दिवशी ऊन चढल्यावर घरी पोचणार होती.

आईने गाडीवानाला विचारलं, “पहाटे निघालो तर कधी पोचू, नाना?”

“वाघूर उतरलेली असली तर दुपारपर्यंत. चढलेली असली तर दिवस मावळतीला.”

“एकच काय ते सांगा!” मी चिडलो.

“नदी काय माझ्या गोठ्यात बांधेल शे का, भाऊ?”

आईने मावळती धरली. वहिनीसाठी न थांबता आम्ही पहाटेच निघालो. नदीला घोटाभर पाणी होतं. अख्खी दुपार फलाटावर काढली.

गाडी आली. बेड्या घातलेला भाऊ खिडकीतून आमच्यामागे कुणाला तरी शोधत होता.

“ती नाही आली?”

आईने पदर तोंडाला लावला.