महादेवरावांना सगळ्यांचे पासवर्ड हवेत

अकोल्याचे महादेवराव फुलांचे ठोक व्यापारी. त्यांच्या ऑर्डरचं ॲप मीच एक्सप्रेस या वेब-फ्रेमवर्कमध्ये बनवलेलं, बिनालॉगिनचं. लिंक मिळाली की कोणीही शेवंतीचा भाव बदलायचा. शेवटी लॉगिन बसवलं, तर पुढच्याच पानावर ॲप माणसाला बाहेर काढायचं. लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या सुरक्षित कुकीला एचटीटीपीएस, म्हणजे कुलूपबंद जोडणी, लागते. ती आमच्याकडे ॲपच्या पुढे बसवलेला प्रॉक्सी सर्व्हर सांभाळतो, त्याच्यावर विश्वास ठेव हे एक्सप्रेसला सांगायचं मी विसरले होते. कोडच्या त्या एका ओळीने माझे दोन दिवस खाल्ले.

तेवढं निस्तरून आज अमरावतीहून बसने त्यांच्या दुकानात आले, तर हे म्हणतात, "दामिनी, साऱ्या कामगारांच्या पासवर्डची यादी दे मले."

"काका, नाई देता येत. ॲप पासवर्ड ठेवतच नाई, त्याचा हॅश ठेवते, म्हंजे गणिताने केलेला त्याचा चुरा. हॅशवरून पासवर्ड परत काढता येत नाई."

"मंग माणूस ओळखते कसं?"

"टाकलेल्या पासवर्डचा पुन्हा हॅश काढते अन् जुळवते."

"मले येडं समजून राहिली काय? मालक मी हाय!"

पासवर्ड ज्याचा त्यालाच माहीत असावा, हेही तीनदा समजावलं. डोकं भणभणलं. म्हटलं, आधी तुमचा तर पासवर्ड ठेवा.

त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे वळवला, माझ्याकडे संशयाने पाहिलं आणि हाताचा आडोसा करून एकेक अक्षर दाबलं.

"काय ठेवला, काका?"

"तुले कावून सांगू?"

"हेच तं मी सकाळपासून सांगून राहिली!"