वाटेतली पेंड

सोसायटीच्या दुकानाला आता शटर हाय, आत मोबाईलवाला बसतो. पूर्वी तिथं सरकी पेंडीचा वास असायचा. तसला वास कुठं आला की अजून पाय थबकतात आणि आमचे सेक्रेटरी आठवतात.

ते बेंबळीचे. आले की "जयभीम, आबा" म्हणायचे, मी "रामराम, भाऊसाहेब" म्हणायचो, आणि लगेच भांडणाला सुरुवात. मी चेअरमन, शिक्षण दुसरी नापास. पण त्यांच्याशी भांडल्याशिवाय चहा गोड लागत नव्हता.

त्यांच्या आधीच्या सेक्रेटरीनं नसलेली पोती कागदावर शिल्लक दाखवून आम्हाला बुडवलं होतं. तवापासून मी नेम घातला, वर्षअखेरीला ज्या पोत्याला माझा हात लागंल तेच शिल्लकीत धरायचं. नेम चांगला होता. आजबी मी तोच घालीन.

दुष्काळाची सालं. लागोपाठ दोन वर्षं दुकान तोट्यात गेलेलं. सभासदांनी ठरवलं की यंदाबी तोटा आला तर दुकान बंद आणि भाऊसाहेबांना मोकळं करायचं.

आमचं वर्ष तीस जूनला संपायचं. त्या दिवशी मी गोदामातलं पोतं न् पोतं हात लावून मोजलं. रायचूरकडच्या गिरणीतनं पेंडीचा एक ट्रक निघाला होता, पण ॲक्सल मोडून उमरग्याच्या अलीकडं पडलेला. भाऊसाहेब म्हणाले, "आबा, तीबी धरायला पाहिजे."

"दिसंना तर धरू कशी?"

"तुमच्यापुढं देव हरंल," म्हणाले आणि वही पुढं ओढली. पेंड हिशेबाबाहेर राहिली. हिशेब निघाला, अठराशे रुपये तोटा. ताळेबंद मात्र पैशाला पैसा जुळला.

पुढं ऑडिटर आले. उस्मानाबादचे, पान खाणारे, सावकाश बोलणारे. ट्रकची बिल्टी, म्हंजे माल भरल्याची पावती, बघून थांबले.

"चेअरमन, ही पेंड शिल्लकीत का न्हाय?"

"ती दोन जुलैला आली. मी स्वतः उतरून घेतली. तीस जूनला गोदामात नव्हती."

"पण बिल तर जूनच्या खरेदीत लिहिलंय. गिरणीचं देणंबी लिहिलंय, बेचाळीसशे. खरेदी तुमची, देणं तुमचं, आणि माल कुणाचाच न्हाय?"

"ताळेबंद जुळलाय की."

"जुळणारच. मालमत्तेत माल कमी पडला, तेवढाच तोटा फुगला. चूक दोन्ही अंगाला सारखी बसली की तराजू हालत न्हाय."

मी हटलो न्हाय. भाऊसाहेब जाऊ नयेत असं मला कुणाहून जास्त वाटत होतं. म्हणूनच हटलो न्हाय. आपल्या माणसासाठी चेअरमननं न बघितलेली पोती फायद्यात घातली, असं गाव म्हणालं असतं.

ऑडिटरनं पान थुंकलं. "बरं. ट्रक तिथंच उलटून पेंड ओढ्यात गेली असती, तर पैसे कुणाचे बुडाले असते?"

गिरणीचा करारच तसा होता. माल गाडीत भरला की जोखीम आमची.

"आमचे," मी म्हणालो.

"बुडताना तुमची, तर शिल्लकीत कुणाची?"

भाऊसाहेब दाराकडं बघत होते. मला हसू दिसू नये म्हणून.

"घ्या लिहून," मी म्हणालो.

शिल्लक मालात बेचाळीसशे वाढले. तेवढाच विकलेल्या मालाचा खर्च उतरला, म्हणून अठराशेचा तोटा जाऊन चोवीसशे नफा झाला. ताळेबंदात एका अंगाला माल वाढला आणि त्या वर्षाच्या तोट्याची ओळ गेली, दुसऱ्या अंगाला नफा आला. गिरणीचं देणं होतं तेवढंच राहिलं, ते आधीच लिहिलेलं होतं.

सभेत एक जण उठला. "कागदावर नफा काढायला कुणालाबी येतंय. हीच पोती औंदा विकून परत नफा दाखवणार व्हय?"

भाऊसाहेब उभे राहिले. "न्हाय, दादा. औंदाच्या सुरुवातीच्या शिल्लकीत तेच बेचाळीसशे घातलेत. त्याच्या वर जे मिळंल तेवढाच औंदाचा नफा."

"मग औंदाचा नफा तेवढ्यानं कमी दिसंल की."

"दिसंल. खरा दिसंल."

माणूस खाली बसला. दुकान राहिलं.

महिनाभरात भाऊसाहेबांनी बायको-लेकरं गावात आणली. तोवर बिचाऱ्यांनी खोलीसुद्धा भाड्यानं घेतली नव्हती, दुकानातच झोपायचे. त्यांची धाकटी माझ्याच अंगणात चालायला शिकली. सहा वर्षं राहिले. मग भूमला बदली झाली, पाऊस बरा झाला, रानात चारा झाला, पेंडीला गिऱ्हाईक राहिलं न्हाय.

आता ते बेंबळीलाच असतात म्हणं. जायला एसटी दोनदा बदलावी लागती. गुडघे साथ देत न्हाईत, तरी पोराला सांगून ठेवलंय, सुगी झाली की एकदा घेऊन चल. तो म्हणतो, "आबा, फोन लावून देतो की."

फोनवर कुणाशी भांडता येतंय व्हय?