प्रेषक

बाई एकोणीस वर्षं साहेबांची पत्रं लिहीत होत्या. त्यांच्या संगणकावर स्वतःची आणि साहेबांची मेल एकाच इनबॉक्समध्ये येऊन पडायची. साहेबांना आलेल्या मेलचं उत्तर आपोआप साहेबांच्याच पत्त्यावरून जाई. नवी मेल मात्र बाईंच्या पत्त्यावरून निघे, म्हणून आधी प्रेषक बदलावा लागे.

त्या आठवड्यात ग्राहक विभागाचं प्रमुखपद बाईंना द्यायचं घाटत होतं. रुसलेल्या एका जुन्या ग्राहकाला त्यांनी साहेबांच्या नेहमीच्या थाटात नवी मेल लिहिली, "नाराजी रास्त आहे, पण जरा सबुरीनं घ्या," आणि प्रेषक बदलायचा राहून गेला.

ग्राहकानं तक्रार साहेबांकडे केली, म्हणजे ती बाईंच्याच पुढ्यात आली. "तुमची कारकून मला सबुरी शिकवते! तिला तुमच्यासारखं लिहायला शिकवा."

साहेब म्हणाले, "बाई, तुमचा हात अजून बसायचाय. प्रमुखपदाचं पुढच्या वर्षी बघू. आणि त्यांना माझ्याकडून काहीतरी छानसं लिहून टाका."

बाईंनी प्रेषक दोनदा तपासला आणि बाईंना कडक समज दिल्याचं साहेबांच्या वतीनं कळवलं. पाच मिनिटांत उत्तर आलं, "वा साहेब! याला म्हणतात लिहिणं."