वरणाची ओळ

बाळांनो, तुमच्याकडे यंदा गणपतीत प्रत्येक घरानं एकेक पदार्थ आणायचा ठरलाय आणि यादी तुम्ही करणार आहात, असं परवा फोनवर कळलं. म्हणून आजच लिहायला बसले. यादी करताना माझ्या हातून काय झालं, ते तुम्हाला आधी ठाऊक असावं.

आपल्या लिंबायतच्या इमारतीत चोवीस घरं. पाचव्या दिवशी सगळ्यांचं जेवण एकत्र. ही काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आदल्या वर्षी नऊ घरांनी बटाट्याची भाजी आणली आणि वरण कोणाचंच नव्हतं. मी जन्मभर इंग्रजी शिकवलं, फळ्यावर रकाने आखले. म्हटलं, आता व्यवस्थित करू. ग्रुपवर यादी टाकली: पोळ्या सहा घरं, भाजी चार, वरण दोन, भात तीन, असं. शेवटची आलेली यादी कॉपी करून उचलायची, पदार्थापुढे खोलीचा नंबर लिहायचा आणि परत टाकायची.

दोन दिवस कोणीही लिहिलं नाही. मोठ्यांच्या आधी कसं लिहायचं, म्हणून सगळ्या थांबलेल्या. शेवटी समोरची खान्देशी शेजारीण म्हणाली, "ताई, तुम्हीच पहिलं लिहा ना. सगळ्या तोंडाकडे बघून राहिल्या!" मी 'भात – १५' लिहिलं आणि तासाभरात धडाधड याद्या आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांत शेवटची यादी घेतली, वर 'अंतिम' लिहिलं आणि पाठवली. मला फार बरं वाटलं होतं.

जेवणाच्या आदल्या दिवशी जिन्यात चार नंबरची भेटली. बीडकडची, नवरा कापडाच्या लूमवर कामाला, येऊन तीन महिने झालेले. मी विचारलं, "काय गं, तुझं नाव नाही यादीत?"

तिनं पायरीकडे पाहिलं. "मी लिवलं होतं आज्जी. वरण. मग अंतिम यादी आली, त्यात नव्हतं." मग म्हणाली, "आमच्या हातचं चालत नसंल, तर तोंडावर सांगायचं होतं. मी डाळ आणून ठेवली होती."

घरी येऊन ग्रुपवर मागे मागे गेले. तिची यादी होती, 'वरण – ४'. तिच्या पाठोपाठ अकरा नंबरची, पण तिनं चार नंबरच्या आधीची यादी उचललेली. म्हणून तिच्यात फक्त 'वरण – ११'. पुढच्या सगळ्यांनी तीच उचलली. चोवीस घरांत एकच घर गळलं होतं, आणि मी ते न बघता 'अंतिम' म्हणून मोकळी झाले होते.

तसाच फोन घेऊन खाली गेले. दोन्ही याद्या तिला दाखवल्या. "कोणी पुसलं नाही गं. मी मागचं वाचलं नाही. चूक माझी."

"बरं," ती म्हणाली. नुसतं बरं. तिला पटलं की नाही, कळेना.

मग अकरा नंबरकडे. तिला मी सगळं सांगितलं नाही, फक्त वरणाला दोन घरं हवीत म्हटलं. ती म्हणाली, "देवच पावला! माझा कुकर पाच लिटरचा. ऐंशी माणसांचं वरण कसं करू, या विचारानं मला घास जात नव्हता." मी परत खाली आले. "निम्मं वरण तुझं. करशील?" तिनं मान हलवली. मी नवी यादी पाठवली आणि चूक कोणाची तेही लिहिलं. समोरची ओरडली, "ताई, फोनपेक्षा भिंतीवर एक कागदच बरा व्हता!"

रात्रभर एकच घोर. ती आली नाही तर? आणि आली, पण तिच्या पातेल्याला कोणी हात लावला नाही तर? इमारतीत बोलणारे काय बोलतात, मला ठाऊक होतं. आणि मला ते आधी का सुचलं नाही, तेही टोचत होतं.

ती आली, सर्वांत शेवटी. पातेलं अकरा नंबरच्या पातेल्याशेजारी ठेवून भिंतीला टेकून उभी राहिली. मी रांगेत पहिली गेले, तिच्याच पातेल्यातलं वरण घेतलं आणि तिथंच उभी राहून खाल्लं. माझ्यामागून समोरच्या शेजारणीनंही घेतलं. तिच्यामागून दोघी पुढं निघून गेल्या, अकराचं घेतलं. मग अकराचीच बाई ताट घेऊन आली आणि म्हणाली, "मला तुझं वाढ गं, माझं घरी रोजच खाते." चार नंबरची पहिल्यांदा हसली. दुपारी पातेलं रिकामं होतं. त्या दोघींनी मात्र शेवटपर्यंत घेतलं नाही, हेही तुम्हाला सांगते.

पुढच्या वर्षापासून यादी जिन्याखालच्या भिंतीवर लावतो. एकच कागद, दोरीला बांधलेलं पेन, ज्यानं त्यानं आपल्या हातानं लिहायचं. पहिल्या वर्षीचा कागद माझ्या कपाटात आहे. कडा पिवळ्या पडल्यात, हळदीचा एक डाग आहे. वरणाच्या ओळीत चार नंबरच्या तिनं स्वतःच्या हातानं काढलेला चारचा आकडा अजून वाचता येतो.