दात बसत नाहीत

शेवंता गायकवाड नारपोलीला डॉक्टर केणींच्या दातांच्या दवाखान्यात ब्याऐंशी सालापासून कामाला होती. आधी झाडलोट, मग हत्यारं उकळणं, मग डॉक्टरांच्या शेजारी उभं राहून हवं ते हातात देणं. शाळा सातवीपर्यंतच झाली होती. पण कापडाच्या लूमवरून उडालेला धोटा तोंडावर बसलेली माणसं तिने इतकी पाहिली होती, की जबड्याचं दुखणं तिला बघताच कळायचं.

एक्क्याण्णव सालच्या मार्चमध्ये वडप्याचा पंढरी पाटील बायकोला घेऊन आला. भाजीच्या मळ्यावरचं डिझेल इंजिन हँडल मारून सुरू करताना हँडल उलटं फिरलं आणि हनुवटीच्या डाव्या अंगाला बसलं. हे झालं आदल्या दिवशी. गावातल्या डॉक्टरने हनुवटीला तीन टाके घातले आणि सूज उतरेल म्हणून घरी पाठवलं.

"सूज उतरंल, पन यांना चावता येत न्हाय," त्याची बायको धोंडूबाई म्हणाली. "पेजसुद्धा ओठांतून बाहेर येते."

डॉक्टर आत दात काढत होते. शेवंताने पंढरीला बाकावर बसवलं.

"दादा, दात मिटा. पहिल्यासारखे बसतात?"

पंढरीने मान हलवली. उजवीकडच्या दाढा आधी टेकत होत्या, पुढचे दात उघडेच राहत होते.

"खालच्या ओठाला हात लागला तर कळतं?"

त्याने ओठाच्या डाव्या भागावर बोट फिरवलं. "बधिर हाय."

तिने बॅटरी धरून जीभ वर उचलायला सांगितली. जिभेखाली काळंनिळं रक्त साकळलं होतं. डावीकडे सुळ्याजवळ हिरडी फाटलेली, आणि दातांच्या रांगेत पायरी पडलेली. तिने त्याला तोंड उघडायला लावलं. हनुवटी उजवीकडे सरकली आणि त्याने उजव्या कानापुढे हात दाबला.

"मार डावीकडे बसला ना? मग इथे का दुखतं?" धोंडूबाईने विचारलं.

शेवंता तशीच आत गेली. "डॉक्टर, दोन ठिकाणी मोडलंय असं वाटतं. हनुवटीजवळ आणि कानापाशी."

एक्स-रेत तेच निघालं. जबडा कमानीसारखा असतो, डॉक्टरांनी धोंडूबाईला समजावलं. एका बाजूला ठोसा बसला, की दुसऱ्या बाजूला, सांध्याजवळ हाड बारीक होतं तिथेही जबडा मोडतो. पुढची मोड फाटलेल्या हिरडीतून तोंडात उघडी होती, म्हणून पू होऊ नये यासाठी लगेच औषध सुरू झालं. मोडीच्या दोन्ही बाजूंचे दात डॉक्टरांनी तारेने एकमेकांना बांधले, हाड हलू नये इतपतच, आणि चिठ्ठी देऊन मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं.

तिथे तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. आधी वरचे-खालचे दात पूर्वीसारखे जुळवले, कारण दात नीट बसले तरच हाड जागेवर आलं हे कळतं. मग ओठाच्या आतून पुढच्या मोडीवर धातूच्या दोन पट्ट्या स्क्रूने बसवल्या. सांध्याला हात लावला नाही. वरचे आणि खालचे दात तारेने घट्ट बांधून दोन आठवडे जबडा बंद ठेवला. उलटी झाली तर तार कापायला एक कटर धोंडूबाईच्या हाती दिला. तिने तो कमरेलाच खोचून ठेवला, पण लागला नाही. पंढरी दाढेमागच्या फटीतून नळीने डाळीचं पाणी, दूध, गाळलेली पेज घेत राहिला.

दोन आठवड्यांनी तारा निघाल्या आणि खरी अडचण तेव्हा सुरू झाली. पंढरी तोंड उघडेना. हाड पुन्हा सुटेल अशी भीती त्याच्या मनात बसली होती. धोंडूबाईलाही वाटे, मोडलेला हात महिनाभर बांधून ठेवतात, मग जबडा कशाला हलवायचा?

डॉक्टर केणी म्हणाले, "सांधा फार दिवस बंद राहिला, तर आखडेल. मग जन्मभर बोटही आत जाणार नाही."

पंढरीने ऐकून घेतलं आणि पुढच्या तपासणीला तो दवाखान्यात आलाच नाही.

रविवारी शेवंता एसटीने वडप्याला गेली. पिशवीत जीभ दाबायच्या लाकडी पट्ट्या होत्या. पंढरी ओटीवर बसला होता, बाजूला पेजेची वाटी.

"बाय, तू कशाला आलीस?" त्याने दातांतूनच विचारलं.

"पट्ट्या मोजायला. पुढचं हाड आतल्या धातूच्या पट्ट्यांनी धरलंय, दादा. भाकरी सहा आठवडे नको, पण उघडमीट करायचीच. आरशात बघत सरळ उघडा, उजवीकडे जाऊ देऊ नका."

त्याने उघडलं तेवढ्या फटीत तिने एकावर एक पट्ट्या सरकवल्या. सहा गेल्या. सातवीला त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवंता थांबली, पण सहा काढल्या नाहीत; धोंडूबाईला शंभरपर्यंत मोजायला लावलं.

"असं दिवसातून पाच वेळा. दर दोन दिवसांनी एक वाढवायची. आणि बुधवारी तपासणीला यायचं."

ती तीन रविवार गेली. पहिल्यांदा धोंडूबाईने नुसता चहा दिला, दुसऱ्यांदा जेवायला बसवलं. तिसऱ्यांदा शेवंता पोचली तेव्हा धोंडूबाई स्वतःच पट्ट्या मोजत होती. तेरा झाल्या होत्या.

जूनमध्ये तेवीस पट्ट्या मावू लागल्या, म्हणजे दोन बोटं सहज. तोंड उघडताना हनुवटी अजून किंचित उजवीकडे जात असे. ओठाचा बधिरपणा मात्र हळूहळूच गेला. आधी मुंग्या आल्या, मग गणपतीच्या सुमारास चहा गरम आहे की गार ते डाव्या बाजूलाही कळू लागलं. हँडल मारायला नको म्हणून पंढरीने इंजिनाला बटण दाबून सुरू करणारी मोटर जोडून घेतली.

त्या वर्षानंतर वडप्यात कोणी तोंडावर पडलं, की त्याला धोंडूबाई आधी एकच प्रश्न विचारी, "दात पयल्यासारखे बसतात का?" आणि उत्तर नाही आलं, तर सरळ नारपोलीच्या रस्त्याला लावी.