एका माणसाला एक पास

लवू परब बावीस वर्षं वेगवेगळ्या गेटांवर वॉचमन म्हणून उभा राहिला आणि एवढ्या काळात त्याने कुणाला उर्मटपणे अडवलं नाही. अडवायचं तर मानाने, असा त्याचा बाणा. इंग्रजीत अडवायची वेळ आली की तो मान जरा जास्तच व्हायचा, एवढंच.

तो सध्या होता त्या अंधेरीच्या ऑफिसात रिसेप्शनची मुलगी लग्न करून गेली आणि व्हिजिटर डेस्क रिकामं पडलं. डेस्क म्हणजे खुर्ची, आणि लवूच्या दोन्ही गुडघ्यांना खुर्चीची फार गरज होती. ती मिळाली नाही तर एजन्सी त्याला चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटच्या गेटवर पाठवणार होती. तिथे बारा तास उभं राहायचं.

आठवडाभर बदली म्हणून बसवलं, तेव्हा एका परदेशी पाहुण्यासमोर रजिस्टर सरकवत तो अदबीने म्हणाला, “सर, कुड यू एबल टु साइन?” पाहुणा हसला आणि सही करून गेला. लवूला वाटलं, माणूस खूश झाला. मागे उभ्या असलेल्या एचआरच्या अनुपमा मॅडम मात्र हसल्या नाहीत. “परबकाका, शुक्रवारी मी इथे बसून ऐकेन. इंग्रजी नीट पाहिजे हं. मग ठरवू.”

घरी त्याने लेकीला, श्रुतिकाला, सगळं सांगितलं. ती क्लासमध्ये इंग्रजी शिकवायची. तिने कपाळावर हात मारला.

“बाबा, कुड म्हणजेच ‘शकाल का’. एबल टु म्हणजेसुद्धा तेच. तुम्ही त्याला विचारलंत, सही करू शकू शकाल का?”

“आणि वुड यू प्लीज काइंडली?”

“प्लीज म्हणजे कृपया, काइंडली म्हणजेही कृपया. दोनदा कशाला?”

“मगे वायट काय त्यात?” त्याची बायको सगुणा भाकरी थापता थापता म्हणाली. “माणूस मानान बोलता!”

“आई, तू नको गं मध्ये पडू! बाबा, एक तर कुड यू साइन, नाहीतर आर यू एबल टु साइन. पण दुसऱ्या वाक्याने त्याला सही करता येते का, हेच विचारल्यासारखं होतं. तुम्हाला विनंती करायची आहे ना? मग कुड यू साइन. कुडच्या मागे सरळ काम सांगा.”

लवूने डोळे मिटून विचार केला. नियम पाठ करणं त्याला कधी जमलं नव्हतं, पण त्याला त्याच्या धंद्यातलं एक कळत होतं. एका माणसाला एक पास. कुड आत शिरला की एबल बाहेर. प्लीजला आत सोडलं की काइंडलीला गेटवरच थांबवायचं. त्याला ते इतकं पटलं की जेवताना त्याने सगुणाला सुद्धा “कुड यू पास द मीठ?” विचारलं.

शुक्रवारी अनुपमा मॅडम सोफ्यावर कागद घेऊन बसल्या. पहिला पाहुणा: “कुड यू साइन हिअर, सर?” झकास. दुसरी बाई: “वुड यू प्लीज वेअर धिस बॅज?” तेही झकास. तिसरे एक गृहस्थ घाईत, फोनवर ओरडत आले. फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावल्याशिवाय आत सोडायचं नाही, हा ऑफिसचा नियम. लवू उठून उभा राहिला आणि जुनी सवय तोंडातून निसटली. “सर, कुड यू एबल…”

तो थांबला. गुडघे आधीच दुखायला लागले होते, जणू चारकोपला पोचलेच. मग त्याने गेटवर हात आडवा धरतात तसा स्वतःसमोरच हात धरला, एबलला बाहेर काढलं आणि म्हणाला, “सॉरी, सर. कुड यू पुट धिस स्टिकर ऑन युवर फोन?” गृहस्थांनी मुकाट्याने स्टिकर लावलं.

मॅडमनी काहीतरी लिहिलं. लवूचं धाबं दणाणलं. उठताना मॅडमच सवयीने म्हणाल्या, “काका, वुड यू प्लीज काइंडली कॉल शीतल?”

लवूचा हात आपोआप आडवा झाला. “मॅडम, एका माणसाला एक पास.”

“म्हणजे?”

आता वाट लागली, हे त्याला कळलं, पण सांगणं भाग होतं. “प्लीज आत आलं, मॅडम. काइंडलीला बाहेर थांबवायला लागेल.”

मॅडम त्याच्याकडे बघत राहिल्या. मग लाल झाल्या आणि तडक लिफ्टकडे गेल्या. दिवसभर लवूने स्वतःला शिव्या घातल्या. शहाणपणा कुणी सांगितला होता?

संध्याकाळी एचआरमधली शीतल मॅडमचं छापील पत्र घेऊन आली. लवूने ते उभ्यानेच वाचलं. वुड यू प्लीज काइंडली टेक चार्ज ऑफ द व्हिजिटर डेस्क फ्रॉम मंडे? त्यातलं ‘प्लीज’ निळ्या पेनाने खोडलेलं होतं आणि बाजूला मॅडमची सही होती.

लवूने पत्र दोनदा वाचलं. मग खुर्ची ओढली आणि बसला.